घेराच्या दुमडीतले सुटलेले टाके: डीमेइक प्रकल्प ‘कारणे शोधा’पाशी अडकलाय

दुहेरीटाका

नमस्कार मंडळी. मी एका शिलाई युनिटमध्ये क्वालिटी पाहते. निटचे गोल गळ्याचे टी-शर्ट होतात. आमच्या एका लाइनचा डीएचयू, म्हणजे शंभर तपासलेल्या नगांमागे सापडलेले दोष, ९ च्या आसपास असतो. तो अर्ध्यावर आणायचा म्हणून डीमेइक पद्धतीने, म्हणजे व्याख्या करा, मोजा, कारणे शोधा, सुधारा, टिकवा या पाच टप्प्यांनी, प्रकल्प सुरू केला आणि माझ्यावर सोपवला.

आतापर्यंत काय झालं ते सांगते. व्याख्या लिहिली: फक्त ही लाइन, फक्त शिलाईचे दोष, कापडाचे आणि डागांचे दोष बाहेर. दोन आठवड्यांचे चेकरचे कागद गोळा करून दोषांचा उतरता आलेख काढला. टाका सुटणे सगळ्यात वर, त्यातही टी-शर्टच्या खालच्या काठाच्या दुमडीत, म्हणजे घेराला. मग मीटिंग घेऊन फिशबोन, म्हणजे संभाव्य कारणांचा माशाच्या काट्यासारखा आराखडा, काढला. त्यात माणूस, मशीन, माल, पद्धत मिळून चाळीसएक कारणं निघाली. आता त्यातलं खरं कोणतं हे कसं ठरवायचं? मीटिंगमध्ये मतदान घेतलं तर ‘ऑपरेटरचं लक्ष नसतं’ पहिल्या नंबरावर आलं. मला ते पटत नाही, पण खोडून काढायला हाताशी काही नाही.

नीटनेटका

अनुभवावरून सांगतो, ऑपरेटर हेच कारण असतं. आम्ही लाइनला तीन दिवस ट्रेनिंग दिलं, प्रत्येकाच्या मशीनवर त्याच्या दोषांचा आकडा लावला आणि दोष चटकन खाली आले. फिशबोनवर वेळ घालवू नका. वाईट ऑपरेटर ओळखा, शिकवा, नाही जमलं तर दुसऱ्या ऑपरेशनला टाका.

दुहेरीटाका

आम्हीही मागे ट्रेनिंग दिलं होतं. दोन आठवडे आकडा उतरला आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच आला. तुमचा खाली राहिला का?

नीटनेटका

काही महिने राहिला. नंतर माझी बदली झाली, पुढचं माहीत नाही.

मोजूनमापून

नीटनेटका यांचं एक म्हणणं बरोबर आहे: ऑपरेटरनुसार आकडे वेगळे काढलेच पाहिजेत. पण आकडा मशीनवर लावला की दोष कमी होण्याआधी दोष *सांगणं* कमी होतं. ऑपरेटर हळूच उसवून पुन्हा शिवते, चेकरही ओळखीची असते. कागदावर उतरलेला आकडा आणि कपड्यावर उतरलेला दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुहेरीटाका, कारणांकडे जाण्याआधी एक पाऊल मागे या. तुमच्या ९ वर तुमचा विश्वास आहे का? तीन चेकरना तोच टी-शर्ट दिला तर तिघी तेच सांगतील?

३० नग निवडा. काही स्वच्छ, काही उघड दोषाचे आणि बरेचसे काठावरचे. प्रत्येकाला आतून नंबर लावा आणि खरा निकाल तुम्ही व तुमच्या मॅनेजरनी आधी ठरवून ठेवा. मग तिन्ही चेकरना वेगवेगळं बसवून तपासू द्या आणि दुसऱ्या दिवशी क्रम बदलून तेच नग पुन्हा द्या. कुठले नग पुन्हा आलेत ते त्यांना कळता कामा नये. हे झाल्याशिवाय विश्लेषणाला हात लावू नका.

निळाधागा

मला एक कळत नाही. आमचा माल शेवटच्या नमुना तपासणीत एक्यूएल २.५ या मर्यादेला पास होतो. तुमचाही होत असेल. मग एवढं सगळं कशाला? २.५ टक्क्यांच्या आत आहात म्हणजे झालंच की.

मोजूनमापून

निळाधागा, एक्यूएल २.५ म्हणजे माल २.५ टक्क्यांच्या आत आहे असं नव्हे. समजा लॉट २,००० नगांचा आहे. नेहमीच्या पातळीला त्यातले १२५ काढतात आणि ७ पर्यंत सदोष निघाले तरी लॉट पास होतो. १२५ मध्ये ७ म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या वर गेलं. शिवाय तो तपास शेवटी होतो, लाइनवर उसवून दुरुस्त केलेलं सगळं पोटात घालून. लॉट पाठवायचा की नाही, एवढंच तो सांगतो. टाका का सुटतो ते त्यातून कधीच कळणार नाही. दुहेरीटाका यांचा प्रश्न दुसरा आहे.

चेकरताई

मी अकरा वर्षं चेकिंग टेबलवर आहे म्हणून बोलते. सुटलेला टाका नुसता बघून दिसत नाही, गडद रंगात तर नाहीच. घेर दोन्ही हातांनी आडवा ताणायचा, म्हणजे सुटलेल्या जागी उलट्या बाजूचा दोरा, जो सुईखालचा लूपर सुईच्या फासात अडकवतो, सैल पडून शिडीसारखा दिसतो. ज्या चेकर ताणत नाहीत त्यांच्या कागदावर टाके कमी सुटतात. टेबलावरचा दिवा कुठे आहे तेही बघा. मागून उजेड येत असेल तर स्वतःच्याच हाताची सावली शिवणीवर पडते.

दुहेरीटाका

(आठ दिवसांनी) ताई, तुम्ही तिथे उभ्या असल्यासारखं लिहिलंत.

तिन्ही चेकर, दोन्ही दिवस, आणि आम्ही ठरवलेला निकाल, सगळं एकसारखं आलं ते ३० पैकी फक्त १७ नगांवर. एक चेकर तर स्वतःशीच ८ नगांवर जुळली नाही. तिच्या टेबलाचा दिवा नेमका पाठीमागे होता. दुसरी म्हणाली, “एकच टाका सुटला तर मी सोडते, दोन सुटले तर धरते.” तिला कोणी तसं सांगितलं ते तिलाही आठवत नव्हतं.

दिवे पुढे घेतले. काठावरच्या सहा नगांचे घेर कापून पुठ्ठ्यावर लावले: हा चालेल, हा नाही. घेर ज्या मशीनवर शिवतो त्या फ्लॅटलॉकच्या शिवणीत एकही सुटलेला टाका चालणार नाही असं लेखी ठरवलं. ताणून बघायची पद्धत तिघींना सारखी शिकवली. दुसऱ्या फेरीत ३० पैकी २७ जुळले.

आता अडचण अशी की आकडा ९ वरून ११.४ झाला. वरिष्ठ म्हणतात, प्रकल्प सुरू झाल्यापासून क्वालिटी बिघडली.

मोजूनमापून

बिघडली नाही, दिसायला लागली. वरिष्ठांना आलेख दाखवताना जुनं मोजमाप आणि नवं मोजमाप यांच्यामध्ये उभी रेघ मारा आणि ९ हा आकडा पुन्हा कुठेही वापरू नका. तुमची सुरुवात ११.४ पासून. हे आजच सांगितलं नाहीत तर तीन महिन्यांनी सुधारणा होऊनही तुम्हाला ती दाखवता येणार नाही.

जुनामेकॅनिक

फ्लॅटलॉकला एकही टाका चालणार नाही हे योग्य ठरवलंत. लॉकस्टिचला वरचा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एखादा टाका सुटला तरी उसवणं तिथेच थांबतं. फ्लॅटलॉकची साखळी असते. एक फास सुटला की धुलाईत तिथून उसवत जातं.

आता मला एवढं सांगा, टाका कपड्यावर *कुठे* सुटतो? किती सुटतात ते सांगू नका, जागा सांगा.

दुहेरीटाका

ते कागदावर नाही हो काका. चेकर फक्त ‘टाका सुटला, घेर’ असं लिहितात.

जुनामेकॅनिक

मग टी-शर्टचं पुढून-मागून चित्र काढून झेरॉक्स करा आणि चेकरना सांगा, जिथे सुटला तिथे ठिपका मारा. शे-सव्वाशे ठिपके झाले की कागद माझ्यापुढे ठेवा. मशीनचा दोष जागा धरून बसतो.

सुईदोरा

आमच्याकडे सेम प्रॉब्लेम होता! घेराजवळ बारीक भोकं पडायची, लाइनवर दिसायची नाहीत, धुलाईनंतर उघडायची. टोकदार सुई काढून गोल टोकाची लावली, एक नंबर बारीक घेतली, आणि टोक बोथट होण्याची वाट न बघता ठराविक तासांनी सुई बदलायला लागलो. प्रॉब्लेम गेला. तुम्हीही सुई बदला.

जुनामेकॅनिक

सुईदोरा, तुमचा दोष वेगळा. तुमच्याकडे सुई निटचा धागा तोडत होती, इथे लूपर सुईचा फास पकडत नाही. शिवाय बारीक सुई जास्त वाकते, म्हणजे तुमचा उपाय इथे उलटाही पडू शकतो. गोल टोकाचं म्हणाल तर निटला ते असायलाच हवं. दुहेरीटाका, एकदा तपासून घ्या.

दुहेरीटाका

सुया गोल टोकाच्याच आहेत, तपासल्या.

ठिपक्यांचा कागद झाला. १२० ठिपके. बाही आणि गळा मिळून १८. घेर सुरू होतो आणि संपतो त्या जागी २१. उरलेले ८१ एकाच ठिकाणी: घेराची शिवण बगलेच्या शिवणीवरून जाते तिथल्या जाड गाठीवर, बोटभर अंतरात. मी ऑफिसात कागद भिंतीला लावला तेव्हा कोणी काही बोललंच नाही. दोन काळे डाग पडल्यासारखे दिसतात, डावीकडे एक, उजवीकडे एक.

मोजूनमापून

तुमच्या चाळीस कारणांतली पस्तीस तरी या कागदाने संपली. लक्ष नसण्याने टाका सुटला असता तर ठिपके घेरभर विखुरले असते.

पण ‘ऑपरेटर’ अजून पूर्ण बाद झालेला नाही. जाड जागेवर कोणी वेग कमी करत असेल, कोणी नसेल. घेराला मशीन किती आहेत?

दुहेरीटाका

दोन फ्लॅटलॉक, दोन ऑपरेटर. प्रत्येकीचे दिवसाला साधारण २४० नग. तीन दिवस वेगळं मोजलं तेव्हा पहिल्या मशीनवर ४१ नगांत टाके सुटले, दुसऱ्यावर ९.

नीटनेटका

मग बघा! पहिली ऑपरेटर. मी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

मोजूनमापून

पहिली ऑपरेटर की पहिलं मशीन, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. दोघी कायम आपापल्याच मशीनवर बसतात. तीन दिवस अदलाबदल करा. रंग, साइझ आणि कापडाचा लॉट दोन्ही मशीनवर सारखे जातील एवढं बघा. गडद रंगाचं जाड कापड एकीकडेच गेलं तर पुन्हा गोंधळ होईल.

चेकरताई

आणि अदलाबदल का करताय ते त्या दोघींना नीट सांगा. नगावर पैसे मिळणाऱ्या बाईला अनोळखी मशीनवर बसवलं की तिचा दिवस बुडतो. त्या तीन दिवसांचं तिचं नुकसान भरून द्या, नाहीतर ती चिडून शिवेल आणि तुमचे आकडेही बिघडतील.

दुहेरीटाका

ताईंचं ऐकून तीन दिवसांची सरासरी मजुरी दोघींना आधीच कबूल केली.

निकाल: पहिल्या मशीनवर ३७, दुसऱ्यावर १२. दोष मशीनपाशीच राहिला. पहिली ऑपरेटर दुसऱ्या मशीनवर बसली आणि तीन दिवस तिला कोणी बोललं नाही. ती म्हणाली, “मॅडम, मी सहा महिने सांगतेय, मशीन गाठीवर ठोका देतं.” फिशबोनच्या मीटिंगला आम्ही ऑपरेटरना बोलावलंच नव्हतं. हे मला फार लागलं.

नीटनेटका

हे मान्य. मला अदलाबदल सुचली नव्हती. आमच्या लाइनवरच्या दोघींना मी याच कारणावरून हलवलं होतं, ते आता डोक्यात घोळतंय.

जुनामेकॅनिक

‘ठोका देतं’ हा नेमका शब्द आहे. गाठीवर सुई कापडात शिरताना बाजूला वाकते. ती वाकली की लूपरच्या टोकापासून लांब जाते, फास हुकतो. ती वाकू नये म्हणून मागे नीडल गार्ड असतं. ते सुईला जेमतेम टेकलेलं हवं, ढकलणारं नको आणि लांबही नको. पहिल्या मशीनचं गार्ड बघा. सैल झालेलं नाहीतर घासून त्यात खाच पडलेली असेल. हाताने चाक फिरवून, प्लेट काढून, उजेडात बघायचं. मोटर चालू करून काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट, गाठ मुळात किती जाड आहे? बगलेची ओव्हरलॉकची पट्टी, म्हणजे शिवणीची आतली कड, घेर दुमडताना खाली-वर एकाच बाजूला पडत असेल, तर खाली तीन थर आणि वर तीन, असे सहा थर सुईखाली येतात. दुमडीच्या वरची पट्टी पुढे आणि खालची मागे वळवली तर एका बाजूला तीन अधिक एक, म्हणजे चारच. सहावरून चार.

दुहेरीटाका

काका, गार्ड सैल होतंच. मागच्या वेळी लूपर बदलताना स्क्रू अर्धवट आवळला गेला असावा. आणि पट्टी सगळ्या नगांत एकाच बाजूला पडते, कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

गार्ड लगेच आवळून टाकायचं का?

मोजूनमापून

थांबा, चारही पद्धतींनी करून बघा. गार्ड जसं आहे तसं आणि नीट बसवलेलं, त्या प्रत्येकात पट्टी एका बाजूला आणि विरुद्ध बाजूंना. प्रत्येकी २०० नग, त्याच मशीनवर, त्याच ऑपरेटरकडून. एकदम दोन्ही बदललंत तर कशाने किती फरक पडला ते कळणार नाही, आणि उद्या उत्पादनवाले पट्टी वळवायला लागणारे दोन सेकंद काढून घेतील तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल.

दुहेरीटाका

केलं. चार दिवस गेले.

जुनं गार्ड, पट्टी एका बाजूला: २०० मध्ये १२. नुसतं गार्ड नीट केलं: ५. नुसती पट्टी विरुद्ध वळवली: ६. दोन्ही केलं: १.

५ आणि ६ मध्ये फरक आहे असं मी कोणाला सांगणार नाही, पण १२ आणि १ मधला दिसतो. त्यावर उत्पादन मॅनेजर पट्टी वळवायला तयार झाले. वेळ साधारण दीड सेकंदाने वाढला. मी त्यांना दुमड उसवून पुन्हा शिवायला लागणारा वेळ घड्याळ लावून दाखवला, तो चार मिनिटांच्या वर गेला.

सुईदोरा

पट्टी वळवताना दुमडीच्या रेषेवर कात्रीने छोटा छेद दिला की ती सहज वळते. आम्ही करतो.

जुनामेकॅनिक

छेद देऊ नका. ओव्हरलॉकचे दोरे कापले जातात आणि तिथूनच बगल उघडते. नुसती बोटाने पिळून वळवायची.

सुईदोरा

चार दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला आतली सुई वाचवून छेद दिला तर उघडत नाही. आमचे हजारो नग गेलेत.

जुनामेकॅनिक

परत आलेले किती ते तुमच्यापर्यंत पोचतं का? धुऊन, ताणून तपासल्याशिवाय मी तरी छेद देणार नाही.

दुहेरीटाका

आम्ही सध्या पिळूनच वळवतोय. छेदाचं आमच्या कापडावर धुलाईचा तपास करून मग ठरवू.

आता शेवटचा टप्पा, टिकवणं. दोन्ही मशीन मिळून दिवसाला ४८० नग. गेल्या तीन आठवड्यांत घेराचा दोष सरासरी ०.८ टक्के आहे, म्हणजे दिवसाला चारएक नग. पण काल ८ निघाले आणि लगेच फोन आला, “परत सुरू झालं का?” किती निघाले की घाबरायचं?

मोजूनमापून

सीमा काढा, मनाने ठरवू नका.

```
p = 0.008, n = 480
p + 3√(p(1−p)/n) = 0.008 + 3 × 0.00407 ≈ 0.0202
0.0202 × 480 ≈ 9.7
```

म्हणजे ९ पर्यंत ही नेहमीची चढउतार आहे, काही न बिघडताही ८ निघू शकतात. १० झाले की मशीन थांबवून गार्ड आणि सुई बघायची. सलग आठ दिवस सरासरीच्या वरच राहिले तर १० ची वाट न बघता शोध घ्यायचा. खालची सीमा शून्याखाली जाते म्हणून ती नसते. रोज ठिपका मारायचं काम चेकरकडे द्या, ऑफिसात आलेख ठेवला की तो उशिरा भरला जातो.

आणि ८ ला फोन करणाऱ्यांना हा कागद दाखवा. साध्या चढउतारावर मेकॅनिकला पळवलं तर तो नीट बसलेलं गार्ड हलवून ठेवेल.

जुनामेकॅनिक

हे अगदी खरं. माझ्याकडून झालंय.

माझी एक भर. लूपर, सुई किंवा प्लेट बदलली की मशीन परत देण्याआधी गाठीचे दहा नमुने शिवून ताणून बघायचे आणि मशीनच्या कार्डावर सही करायची. तुमचं गार्ड लूपर बदलतानाच सैल राहिलं होतं. दोष परत यायची वाट अडवायची तर ठिकाण तेच आहे.

दुहेरीटाका

कार्ड लावलं. त्यावर मेकॅनिक आणि ऑपरेटर दोघांची सही, कारण ठोका आधी तिलाच जाणवतो. ती ‘नको’ म्हणाली तर मशीन लाइनवर येत नाही. ही अट तिनेच सुचवली.

लाइनचा डीएचयू आता ८.७ आहे. अर्ध्यावर, म्हणजे ५.७ वर आणायचा शब्द दिला होता, तिथे पोचलो नाही. टाका सुटण्याचा मोठा भाग गेला, पण त्याच्याखालचे दोष आहेत तसेच आहेत. आता वर आलाय गळ्याच्या पट्टीचा असमान जाडपणा. त्याचा ठिपक्यांचा कागद कालच सुरू केला.

मोजूनमापून

त्यासाठी नुसता ठिपका पुरणार नाही. गळ्याची पट्टी चार ठिकाणी मिलिमीटरमध्ये मोजा, आधी चेकरची मोजपट्टी एकमेकींशी जुळते का ते बघून.

चेकरताई

निटची पट्टी मोजताना कपडा टेबलावर सपाट टाकून एक मिनिट तसाच सोडा. हातात धरून मोजली तर प्रत्येकीच्या ओढीप्रमाणे वेगळी येते.

दुहेरीटाका

हे माहीत नव्हतं, ताई. उद्या तिघींना बसवून दहा गळे मोजते आणि आकडे इथे टाकते.